भडंगाच्या खोक्यातलं कार्ड

काकूंच्या जुन्या कार्डावर काय नव्हतं? वर सोनेरी अक्षरांत ‘थँक यू’, त्याखाली लोगो, मग फेसबुक-इन्स्टाग्रामची चिन्हं, दोन क्यूआर कोड, पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट, आणि तळाशी लाल पट्टीत ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, ५० रुपये मिळवा’. वर चकचकीत लॅमिनेशन. हातात घेतलं की मंगल कार्यालयाच्या जाहिरातीसारखं वाटायचं.

काकू सांगलीत भडंग करतात. मुलगा वेबसाइट, कुरिअर आणि हिशेब बघतो. मी पुण्यात पॅकेजिंगचं डिझाइन करते. त्यांचे पाउच मीच केले होते, म्हणून कार्डाचं कामही माझ्याकडे आलं. मुलाची मागणी एका वाक्याची होती : ‘‘ताई, लोक परत आले पाहिजेत आणि रिव्ह्यू वाढले पाहिजेत.’’ एका वाक्यात त्यानं दोन वेगळी कामं सांगितली होती आणि ती दोन्ही एका कार्डाच्या एकाच बाजूला, एकाच वेळी होत नाहीत. बाकी सगळं डिझाइन त्यातून निघालं.

रंग-अक्षरांना हात लावण्याआधी मी त्याच्याकडून ऑर्डरींची यादी मागवली. कार्ड कोणाच्या हातात पडतं हे कळल्याशिवाय त्यावर काय लिहायचं हे कसं ठरणार? यादी चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. बिलावरचं नाव एक, पत्त्यावरचं दुसरं. सांगली, मिरज, इचलकरंजीतले आईवडील ऑर्डर करतात आणि खोकं जातं बंगळूरच्या किंवा हिंजवडीच्या फ्लॅटवर. म्हणजे ‘तुमच्या ऑर्डरबद्दल आभार’ हे कार्ड ज्याच्या हातात पडतं त्यानं ऑर्डर केलेलीच नसते. आणि ज्या आईनं पैसे भरले, तिच्यापर्यंत ते आभार कधी पोचतच नाहीत. सुटीचा कोडही चुकीच्या घरी जातो.

म्हणून पहिला निर्णय झाला तो दोन कार्डांचा. बिलाचं आणि पत्त्याचं नाव एकच असेल तर साधं कार्ड, वेगळं असेल तर भेटीचं. भेटीच्या कार्डावर सूट नाही, किंमत नाही, ऑर्डर हा शब्दही नाही. ‘हा खाऊ तुमच्यासाठी ............ यांनी सांगलीहून पाठवला आहे’ एवढंच, आणि मोकळ्या जागेत पेननं नाव. पैसे भरणाऱ्या आईसाठी काही छापायचं नाही. खोकं बंद करण्याआधी त्याचा एक फोटो तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तिला हवं असतं ते तेवढंच : माझ्या लेकीचं खोकं नीट भरलंय ना.

मग लाल पट्टी. ती काढायची म्हटल्यावर मुलगा खट्टू झाला, कारण रिव्ह्यू तिच्यामुळेच येत होते. पण त्यांचा काही माल मोठ्या ऑनलाइन बाजारांमधूनही जातो. ॲमेझॉनच्या नियमांत विक्रेत्यानं रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा भेट देणं चालत नाही. फक्त चांगलेच रिव्ह्यू मागणंही चालत नाही. पार्सलमध्ये कागद घालून गिऱ्हाइकाला स्वतःच्या वेबसाइटकडे वळवणं हेही त्यात बसत नाही. गूगलचंही रिव्ह्यूपुरतं तेच म्हणणं आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं आहे. ते ऐच्छिक असलं, तरी त्याचा रोख विकत घेतलेल्या रिव्ह्यूंविरुद्धच आहे. म्हणजे त्या पट्टीचा एक फोटो कोणी तक्रारीसोबत जोडला असता तर खातं अडचणीत आलं असतं. बाजारातून जाणाऱ्या पार्सलांमध्ये तेव्हापासून सूट, क्यूआर, रिव्ह्यू यांतलं काहीच नसलेलं, फक्त खाण्या-ठेवण्याच्या सूचनांचं कार्ड जातं.

नियम बाजूला ठेवले तरी त्या पट्टीचं फलित काय होतं ते मी मुलाला वाचून दाखवलं. ‘गुड’, ‘नाइस टेस्ट’, ‘व्हेरी गुड पॅकिंग’. पन्नास रुपयांत आलेले हे रिव्ह्यू भडंगाचे होते की मोबाइलच्या कव्हरचे, हे ओळखता येत नव्हतं. नवं गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचतं ते तिखट किती आहे, लसूण किती आहे, मऊ तर येत नाही ना, हे बघायला.

पट्टी गेल्यावर काकूंनी एक वाक्य सुचवलं. आपल्याकडे दुकानांत, खानावळींत भिंतीवर असतं तेच : ‘आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा.’ मला ते वाक्य आवडतं. पण रिव्ह्यूच्या क्यूआरशेजारी छापलं की त्याचा अर्थ बदलतो. खूश असलेल्यांना रिव्ह्यूकडे पाठवायचं आणि नाराजांना खाजगीत गाठायचं, ही चाळणी झाली, आणि नेमकी हीच चाळणी गूगलला नको असते. मी काकूंना म्हटलं, ‘‘दोन्ही ठेवू, पण अट काढू.’’ पुढच्या बाजूला खाली : ‘पाउच फुटला असेल, भडंग मऊ आलं असेल तर फोटो पाठवा, दुसरं पाठवतो’ आणि नंबर. मागच्या बाजूला रिव्ह्यूची विनंती, सगळ्यांना सारखी, आवडलं तर किंवा नाही आवडलं तर असं काहीही न म्हणता. काकूंना ते थोडं कोरडं वाटलं. पण तक्रारीचा नंबर खोकं उघडल्याउघडल्या दिसला, तर चिडलेलं माणूस आधी तिकडेच वळतं. त्याला कुठे जायचं ते आपण सांगावं लागत नाही.

आता मूळ अडचण. खोकं उघडलं तेव्हा माणसानं अजून एक दाणाही खाल्लेला नसतो. त्या क्षणी रिव्ह्यू मागणं म्हणजे पंगत बसायच्या आधीच स्वयंपाक कसा झालाय ते विचारणं. पुढच्या ऑर्डरचंही तेच. पाउच भरलेला असताना कोणी दुसरा मागवत नाही. कार्ड दिसतं पहिल्या मिनिटाला आणि त्याचं काम असतं आठ-दहा दिवसांनी. मधल्या काळात ते कचऱ्यात गेलेलं असतं.

यावर दोन उपाय केले. एक, कार्ड ठेवून द्यावंसं वाटेल असं काहीतरी त्यावर हवं. काकूंकडे ते तयार होतं. पुढच्या बाजूचा मोठा भाग आम्ही त्यांच्या सूचनांना दिला : कांदा-कोथिंबीर खायच्या वाटीतच घाला, पाउचमध्ये नको. लिंबू शेवटी. पावसाळ्यात मऊ पडलं तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परता, वरून तेल घालू नका, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. घाईनं गरम भरलं तर वाफ धरते आणि पुन्हा मऊ पडतं. बंगळूरच्या फ्लॅटमधल्या पोरांना हे खरोखर ठाऊक नसतं. हे कार्ड फ्रीजवर चिकटलेलं फोटोत दिसायला लागलं, तेव्हा त्यातला मजकूर योग्य आहे याची खात्री पटली.

दुसरा उपाय जागेचा. माझ्या घरी पाउच कसा रिकामा होतो ते मी बघत होते. भडंग खाली जाईल तसा वरचा भाग गुंडाळला जातो, मग त्यावर रबर किंवा चिमटा. समोरच्या बाजूचं नाव, चित्र त्या गुंडाळीत जातं. शेवटपर्यंत उघडी राहते ती पाउचच्या पाठची खालची बाजू. म्हणून ‘संपत आलं?’ असा एक छोटा स्टिकर आणि पुन्हा मागवायचा क्यूआर तिथे लावला, तळापासून चार बोटं वर. पाउचच्या पाठीवरचा घटक, तारीख, परवाना क्रमांक यांचा मजकूर झाकला जाणार नाही एवढं मात्र बघावं लागलं. अशा रीतीनं पुन्हा मागवण्याचं काम कार्डावरून उठून स्टिकरवर गेलं आणि कार्डाच्या मागच्या बाजूला एकट्या रिव्ह्यूला जागा मिळाली.

तिथेही मी ‘रिव्ह्यू लिहा’ असं लिहिलं नाही. तीन प्रश्न लिहिले : तिखट तुमच्या जिभेला किती लागलं? लसूण पुरेसा होता का? पोचेपर्यंत कुरकुरीत राहिलं का? खाली क्यूआर. रिकाम्या चौकटीसमोर माणूस ‘गुड’ लिहून मोकळा होतो. प्रश्न डोक्यात घेऊन गेलेला माणूस निदान एक तरी गोष्ट सांगतो.

क्यूआरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घोळ तिथेच होतात. पुन्हा मागवायच्या कोडमागे व्हॉट्सॲपची तयार लिंक आहे. स्कॅन केलं की काकूंच्या नंबरवर संदेश लिहून तयार असतो, फक्त पाठवायचा. मुलाला तो संदेश मराठीत हवा होता. पण लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. ‘पुन्हा’ या शब्दात काना, उकार, हलन्त धरून सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न अक्षरं. जितकी अक्षरं जास्त, तितके कोडमधले चौकोन बारीक, आणि छोट्या स्टिकरवर ते फोनला वाचता येत नाहीत. म्हणून लिंक अशी ठेवली :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BHADANG%20P2
```

शेवटचं P2 म्हणजे साध्या कार्डाबरोबर गेलेला स्टिकर. भेटीच्या खोक्यातल्या स्टिकरला G2. संदेश आला की कुठल्या खोक्यातून आला हे त्यावरून कळतं. रिव्ह्यूचा कोड मात्र थेट गूगलच्या लिंकचा न करता त्यांच्याच वेबसाइटवरच्या एका छोट्या पत्त्याचा केला आणि तिथून पुढे वळवलं. उद्या रिव्ह्यूची जागा बदलली तरी छापलेली कार्डं वाया जात नाहीत. फुकटात क्यूआर बनवून देणाऱ्या काही सेवा कोडमध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि मुदत संपली की तो बंद पडतो. कार्डं छापून झाल्यावर हे कळलं तर ती रद्दीतच घालायची.

कोडचा आकार अडीच सेंटिमीटर, भोवती चार चौकोनांएवढी कोरी किनार, पांढऱ्यावर काळा. काकूंना तो मिरचीच्या लाल रंगात हवा होता. प्रेसमध्ये एक प्रूफ लालात काढून घेतला आणि काकूंच्याच जुन्या फोननं, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली त्यांनाच स्कॅन करायला दिला. फोन बराच वेळ चाचपडत राहिला. त्यानंतर रंगाचा विषय निघाला नाही.

कागदाची निवड तेलानं केली. भडंगाला तेल लागतंच. एखाद्या पाउचची शिवण जरा जरी सुटली, तरी लाल तेलाचा ओघळ कार्डापर्यंत येतो. चकचकीत लॅमिनेशनवर तेल पुसता येतं, पण बॉलपेन चालत नाही आणि नाव तर हातानं लिहायचं होतं. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात कार्ड होडीसारखं वाकतं, कारण उघडी बाजू दमट हवा पिते आणि फुगते. शेवटी २५० जीएसएमचा, कोटिंग नसलेला जाड कागद घेतला. डाग पडू नये म्हणून कार्ड पाउचांमध्ये न खुपसता खोक्याच्या झाकणाला आतून एका कागदी टेपनं चिकटवलं. ते पाउचच्या आत जात नाही हे वेगळं सांगायला नको, छापील शाई खाण्याला लागता कामा नये. तरीही प्रेसमधून आलेली कार्डं आम्ही दोन-तीन दिवस उघडी पसरून ठेवतो. ताज्या शाईचा वास बंद खोक्यात कोंडतो, आणि खोकं उघडल्यावर लसणाच्या आधी शाईचा वास यावा हे काकूंना खपणारं नाही.

प्रेसमधला एक घोळ मराठीतच होतो. आपण पाठवलेली फाइल त्यांच्या जुन्या कोरलमध्ये उघडली की जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या उजवीकडच्या अक्षरावर जाऊन बसतात. अक्षरांचे कर्व्ह करून पाठवलं तरच ‘कुरकुरीत’ कुरकुरीत राहतं. आणि कर्व्ह करण्याआधी काकूंना एकदा वाचायला द्यायचं, कारण नंतर एक अनुस्वार बदलायचा तरी मूळ फाइलपासून सुरुवात.

यानंतर सुटीचा प्रश्न उरला. मुलाला कार्डावर दहा टक्के सूट हवीच होती. ‘‘सूट नसेल तर कशाला परत येतील?’’ मी त्याला कागदावर एक हिशेब मांडून दाखवला. समजा २०० नव्या गिऱ्हाइकांना सूट नसलेलं कार्ड दिलं आणि ३० परत आले. दुसऱ्या २०० जणांना सुटीचं दिलं आणि ३८ आले. ऑर्डर ४०० रुपयांची, म्हणजे सूट ४० रुपये. ती फक्त वरच्या आठ जणांना मिळत नाही, अडतीसही जणांना मिळते. १,५२० रुपये गेले आणि जास्तीचे आले आठ. एकेक माणूस १९० रुपयांना पडला. त्यातही २०० जणांत आठचा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, म्हणजे सुटीमुळेच ते आले असंही छातीठोक म्हणता येत नाही. कोड किती वापरले गेले एवढंच मोजलं तर कार्ड फार चाललं असं वाटतं, कारण जे एरवीही येणार होते तेही कोड टाकूनच येतात.

म्हणून मोजायची पद्धत बदलली. ऑर्डर क्रमांक सम असेल तर नवं कार्ड, विषम असेल तर कार्डच नाही. दिवसांप्रमाणे वाटलं असतं तर शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं एका बाजूला गेली असती. पहिल्या ऑर्डरपासून ६० दिवसांत त्याच फोन नंबरावरून दुसरी ऑर्डर आली की नाही, एवढंच बघायचं. कोड वापरला का, क्यूआर स्कॅन झाला का, हे नंतर. दिवाळीचे दिवस या मोजणीतून वगळले, कारण तेव्हा सगळेच मागवतात. मुलगा काही दिवसांनी मला विचारायला लागला, ‘‘ताई, विषमवाल्यांना पण देऊ या का कार्ड?’’ आकडा पुरेसा मोठा होईपर्यंत थांबणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

सुटीच्या जागी काय, तर त्याचं उत्तर खोक्याच्या मापात सापडलं. भडंग म्हणजे कुरमुरे, वजन कमी आणि जागा जास्त. त्यांचा कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतो. २५ बाय २० बाय १२ चं खोकं म्हणजे १.२ किलो, आणि तो अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारतो, म्हणजे दीड किलोचे पैसे. खोक्यात प्रत्यक्षात असतं जेमतेम अर्धा किलो. मग कोपऱ्यात शेंगदाण्याच्या चटणीची ३० ग्रॅमची पुडी गेली तर कुरिअरचा एक पैसाही वाढत नाही. लाडू-चिवडा विकणाऱ्याला हा हिशेब असाच लागू होणार नाही. जड मालाचं ४९० ग्रॅमचं पार्सल अशा पुडीनं पुढच्या टप्प्यात जातं. आमच्याकडे मात्र हवेच्या भाड्यात चटणी फुकट प्रवास करते. पुडी छोटी असली तरी तिच्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, तारीख, हिरवा ठिपका, घटक हे लेबल हवंच. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे लोक असतात.

कार्डावर त्या पुडीबद्दल एकच ओळ आहे : ‘चटणी आम्ही वेगळीही विकतो.’ सुटीच्या कोडपेक्षा हिचा फायदा मला असा वाटतो, की सूट भडंगाची किंमत कमी करून सांगते आणि चटणी दुसरं काहीतरी घ्यायचं कारण देते. सूट पूर्ण बंद केलेली नाही. सहा महिने न फिरकलेल्यांना मुलगा स्वतः संदेश पाठवून देतो. छापत मात्र नाही, कारण छापलेला कोड कूपनच्या वेबसाइटांवर जाऊन बसतो आणि छापलेल्या तारखेनं उरलेली कार्डं बाद होतात.

हातानं नाव लिहिण्यावरून एकदा वाद झाला. दिवाळीत खोकी एवढी निघतात की काकूंचा हात दुखून येतो. मुलगा म्हणाला, काकूंच्या अक्षराचा फॉन्ट करू. मी नको म्हटलं. छापलेलं हस्ताक्षर बोटानं चोळलं की कळतं, आणि कळल्यावर कार्डावरच्या बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास जातो. दिवाळीत साध्या कार्डावर नाव लिहायचंच नाही असं ठरलं. फक्त भेटीच्या कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव, तेही पॅकिंगच्या मुलींपैकी जिचं अक्षर वाचता येतं तिनं.

आता रिव्ह्यू पूर्वीपेक्षा कमी येतात. पण लांब येतात. एकानं तीन स्टार देऊन लिहिलं, की चव पहिल्या दर्जाची, पण लसूण काही ठिकाणी करपलेला लागला. मुलगा धावत काकूंकडे गेला, हा रिव्ह्यू काढता येईल का म्हणून. काकूंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘कुठल्या तारखेचं पाकीट होतं?’’ तारीख सापडली. त्या दिवशी फोडणीला नवी बाई होती. काकूंनी मुलाला त्या रिव्ह्यूखाली उत्तर लिहायला सांगितलं, त्यात कारणही सांगितलं, आणि मग मला फोन केला : पुढच्या छपाईत पाउचवरची तारीख कुठे असते ते कार्डावर बाण काढून दाखव, लोकांनी तारखेसकट लिहिलं तर मला बरं पडेल.

पुढची छपाई पाचशेचीच करायची आहे.